वर्गांच्या बेरजांवरून R², रेसिड्युअल स्टँडर्ड एरर आणि उताराचा t हाताने काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साध्या रेषीय रिग्रेशनचं हे गणित परीक्षेत ठरलेल्या साच्यात येतं. डेटा देत नाहीत, फक्त बेरजा देतात, आणि हातात साधा कॅल्क्युलेटर असतो. वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न येत असल्याने उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो. जवळजवळ सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. हे आकडे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांच्या १९७३ च्या लेखातल्या चार संचांपैकी पहिल्याचे आहेत:

```
n = ११, Σx = ९९, Σy = ८२.५१
Σx² = १००१, Σy² = ६६०.१७२७, Σxy = ७९७.६०
```

१. सुरुवात कुठून करायची? प्रश्नात 'वर्गांची बेरीज' अशी थेट दिलेलीच नाही.

दिलेल्या बेरजा कच्च्या आहेत. त्यांतून सरासरीचा वाटा वजा केला की कामाचे तीन आकडे मिळतात:

```
Sxx = Σx² − (Σx)²/n = १००१ − ८९१ = ११०
Sxy = Σxy − (Σx)(Σy)/n = ७९७.६० − ७४२.५९ = ५५.०१
Syy = Σy² − (Σy)²/n = ६६०.१७२७ − ६१८.९००० = ४१.२७२७
```

Sxx आणि Syy ऋण येऊच शकत नाहीत. आले तर वजाबाकीत चूक आहे, पुढे जाऊ नका. Sxy मात्र ऋण येऊ शकतो. तसं झालं तर उतारही ऋण असतो आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. पुष्कळ पेपरांत हे तीन आकडे आयतेच देतात, मग ही पायरी वाचते. इथून पुढे कच्च्या बेरजांकडे वळायचं काम नाही. अपवाद एकच, तो प्रश्न १० मध्ये आहे.

२. R² काढायचा सगळ्यात सरळ मार्ग कोणता?

y चा एकूण चढउतार म्हणजे Syy. त्यातला जेवढा रेषेने टिपला तो एक भाग, आणि जो टिपता आला नाही तो दुसरा. पहिला भाग काढायला रेषेचं समीकरणसुद्धा लागत नाही:

```
रेषेने टिपलेला भाग = Sxy²/Sxx = ३०२६.१००१/११० = २७.५१००
उरलेला भाग (SSE) = ४१.२७२७ − २७.५१०० = १३.७६२७
R² = २७.५१००/४१.२७२७ = ०.६६६५
```

म्हणजे y मधल्या चढउतारापैकी सुमारे ६६.६५ टक्के x शी असलेल्या सरळ रेषेच्या नात्याने समजावता येतो. SSE पेपरवर वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याभोवती चौकट करा, कारण पुढची दोन्ही उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत. R² बरोबर आला पण SSE कुठे लिहिलाच नाही, आणि तिसऱ्या उपप्रश्नात तो पुन्हा काढताना वेगळाच आला, असे पेपर दरवर्षी सापडतात.

३. रेसिड्युअल स्टँडर्ड एररसाठी n ने भागायचं, n − १ ने की n − २ ने?

n − २ ने. आपल्या गणितात ९ ने:

```
s² = SSE/(n − २) = १३.७६२७/९ = १.५२९२
s = √१.५२९२ = १.२३६६
```

दोनच का वजा करायचे, हेही लोक विचारतात. रेषा बसवताना आपण डेटामधून दोन गोष्टी ठरवल्या, छेद आणि उतार. त्यामुळे रेसिड्युअल्सवर दोन बंधनं येतात: त्यांची बेरीज शून्य असते, आणि प्रत्येकाला आपापल्या x ने गुणून केलेली बेरीजही शून्य असते. अकरापैकी नऊ रेसिड्युअल्स कुणी सांगितले तर उरलेले दोन या बंधनांवरून काढता येतात. मोकळे नऊच, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम ९. पटत नसेल तर दोनच बिंदू घेऊन बघा. रेषा दोन्हींतून तंतोतंत जाते, SSE शून्य येतो आणि n − २ सुद्धा शून्य. विखुरणीबद्दल सांगायला डेटापाशी काही शिल्लकच नसतं.

s चं एकक y चंच असतं. y किलोमध्ये असेल तर s = १.२३६६ किलो. उत्तरात s च्या जागी s² लिहिणं ही फार सामान्य चूक आहे. प्रश्नात 'स्टँडर्ड एरर' म्हटलं असेल तर वर्गमूळ घ्यायला विसरू नका.

४. आता उताराचा t काढून दाखवा.

```
b = Sxy/Sxx = ५५.०१/११० = ०.५००१
SE(b) = s/√Sxx = १.२३६६/१०.४८८१ = ०.११७९
t = b/SE(b) = ०.५००१/०.११७९ = ४.२४
```

इथे s आणि SE(b) यांची गल्लत होते. दोन्ही 'स्टँडर्ड एरर'च म्हणवतात. पण s हा बिंदू रेषेपासून साधारण किती लांब पडतात ते सांगतो, तर SE(b) उताराच्या अंदाजाची डळमळ सांगतो. उताराला थेट s ने भागलं तर ०.४० येतं, आणि विद्यार्थी 'उतार नगण्य' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. √Sxx ने भागायचं राहिलं की काय होतं ते यावरून दिसेल.

हा ४.२४ तक्त्यात ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या ओळीत पाहायचा. दोन बाजूंच्या चाचणीसाठी ५ टक्के पातळीचा आकडा २.२६२, १ टक्क्याचा ३.२५० आणि ०.१ टक्क्याचा ४.७८१ आहे. म्हणजे p-मूल्य ०.००१ आणि ०.०१ यांच्या दरम्यान आहे. हातात तक्ताच असेल तर एवढं लिहिलं तरी उत्तर पूर्ण होतं, p चा अचूक आकडा कुणी मागत नाही.

५. आमच्या पुस्तकात RSS म्हणजे उरलेला भाग आहे, क्लासच्या नोट्समध्ये RSS म्हणजे रिग्रेशनचा भाग. पेपरात नुसतं RSS दिलं तर?

हा गोंधळ खरा आहे आणि त्यात तुमची चूक नाही. R म्हणजे रिग्रेशन की रेसिड्युअल, आणि E म्हणजे एक्स्प्लेन्ड की एरर, यावर पुस्तकांचं एकमत नाही. अर्थशास्त्राच्या आणि संख्याशास्त्राच्या पेपरांत नेमकी उलट पद्धत दिसू शकते. SSR आणि SSE यांचंही तेच. मी इथे SSE म्हणजे उरलेला भाग असं धरलं आहे.

अक्षरांवर विसंबू नका, आकड्यांना विचारा. उतार आणि Sxx दिले असतील तर b²·Sxx काढा, रेषेने टिपलेला भाग तोच असला पाहिजे. आपल्याकडे (०.५०००९)² × ११० = २७.५१, म्हणून १३.७६ हा उरलेला. उतार नसेल पण r दिला असेल तर r² × Syy घ्या. यातलं काहीच नसेल तर अभ्यासक्रमाच्या पुस्तकातली पद्धत वापरा आणि 'RSS = रेसिड्युअल वर्गांची बेरीज असे गृहीत' ही ओळ उत्तराच्या वरती लिहा. 'मोठा आकडा तो रिग्रेशनचा' असा अंदाज बांधू नका. R² अर्ध्याहून कमी असला की तो फसतो.

६. माझा SSE ऋण आला. असं कसं?

तसा तो येऊच शकत नाही, वर्गांची बेरीज आहे ती. पण हाताने काढताना येतो, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: मध्येच केलेलं पूर्णांकन. त्यातही हे सूत्र वापरलं असेल तर हमखास:

```
SSE = Σy² − a·Σy − b·Σxy
```

सूत्र बरोबर आहे, पण नाजूक आहे. आपल्या गणितात छेद a = ३.०००१ आणि उतार b = ०.५००१. तुम्ही दोन दशांशांवर थांबून a = ३, b = ०.५ धरलं तर:

```
६६०.१७२७ − २४७.५३ − ३९८.८० = १३.८४२७
```

खरा आकडा १३.७६२७. फरक ०.०८, म्हणजे इथे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, चालून जाईल. पण हा फरक Σy आणि Σxy यांच्या आकारावर ठरतो, SSE च्या आकारावर नाही. Σy² सोडून बाकी याच बेरजा असलेल्या पण बिंदू रेषेला अगदी चिकटून असलेल्या दुसऱ्या गणितात खरा SSE ०.२८ असता, तरी चूक ०.०८ चीच झाली असती, म्हणजे जवळपास २९ टक्क्यांची. खरा SSE ०.०५ असता आणि चूक उलट दिशेने झाली असती, तर उत्तर शून्याखाली गेलं असतं.

म्हणून SSE नेहमी प्रश्न २ प्रमाणे Syy − Sxy²/Sxx असाच काढावा. त्यात a आणि b येतच नाहीत. मधले आकडे चार दशांशांपर्यंत ठेवा, R² एकच्या जवळ असेल तर सहा. पूर्णांकन फक्त शेवटच्या उत्तराला.

७. प्रश्नात फक्त r = ०.८१६४ आणि n = ११ आहे. Sxx नाही, s नाही. t निघेल का?

निघेल. t साठी मोजमापांची एककं लागतच नाहीत:

```
t = r·√(n − २)/√(१ − r²) = ०.८१६४ × ३/√०.३३३५ = ४.२४
```

R² दिला असेल तर वर्गमूळ घ्या आणि चिन्ह उताराचं लावा. उताराची दिशा प्रश्नात कुठेच नसेल तर t चं फक्त परिमाण लिहिता येतं, तसं नमूद करा. s मात्र यावरून निघत नाही, त्यासाठी निदान Syy तरी हवाच.

हेच सूत्र पडताळणीसाठीही कामाला येतं. दुसरी पडताळणी F ची आहे: F = २७.५१००/१.५२९२ = १७.९९, आणि ४.२४ चा वर्ग १७.९८. शेवटच्या अंकातला फरक पूर्णांकनाचा. एकच x असलेल्या रिग्रेशनमध्ये t² = F हे नेहमी जुळतं. नाही जुळलं तर आधी n − २ तपासा, मग वर्गमूळ.

८. 'उतार ०.२५ आहे या गृहीतकाची चाचणी घ्या' असं विचारलं तर?

तर प्रश्न ७ मधले दोन्ही शॉर्टकट बाजूला ठेवा. ते फक्त 'उतार शून्य' या गृहीतकासाठी आहेत. इथे अंशात फरक घ्यायचा, भाजक तोच:

```
t = (०.५००१ − ०.२५)/०.११७९ = २.१२
```

हा आकडा मुद्दाम निवडला आहे. दोन बाजूंच्या चाचणीत ५ टक्क्यांची सीमा २.२६२, म्हणून गृहीतक नाकारता येत नाही. पण प्रश्नात 'उतार ०.२५ पेक्षा जास्त आहे का' असं म्हटलं असेल तर चाचणी एका बाजूची होते, सीमा १.८३३ वर येते आणि गृहीतक नाकारलं जातं. आकडेमोड तीच, निकाल उलटा. 'वेगळा आहे का' की 'जास्त आहे का', हे प्रश्नात नीट वाचा. आणि बाजू प्रश्नावरून ठरवायची, t पाहिल्यावर नाही.

९. बेरजांऐवजी x आणि y ची प्रमाण विचलनं आणि r दिला आहे. आता?

विचलनाचा वर्ग करून भाजकाने गुणलं की Sxx आणि Syy परत मिळतात. भाजक n − १ होता की n, एवढंच कळायला हवं. आपल्या x चं विचलन n − १ ने काढलं तर वर्ग ११ येतो (११०/१०), n ने काढलं तर १० (११०/११). कॅल्क्युलेटरवर `σn` आणि `σn-1` अशी दोन वेगळी बटणं असतात ती यासाठीच.

भाजक चुकला तर काय बिघडतं हे मात्र पाहण्यासारखं आहे. समजा विचलनं n − १ ची होती आणि तुम्ही दोन्हीकडे n ने गुणलंत. Sxx आणि Syy दोन्ही १.१ पट होतात. R² तसाच राहतो. SSE १.१ पट होतो, त्यामुळे s १.२४ ऐवजी १.३० येतो. पण SE(b) मध्ये वरचा s आणि खालचा √Sxx सारख्याच प्रमाणात फुगतात, म्हणून SE(b) आणि t बरोबरच येतात. थोडक्यात, R² आणि t शेजाऱ्याशी जुळले आणि s एकटाच जुळला नाही, तर संशय याच जागी घ्यायचा. एकीकडे n आणि दुसरीकडे n − १ वापरलं असेल तर मात्र उतार आणि SE(b) सुद्धा चुकू शकतात.

१०. रेषा आरंभबिंदूतून जाते असं दिलं असेल तर R² एवढा मोठा का येतो?

कारण त्या R² ची व्याख्याच वेगळी आहे. छेद नाही, म्हणून सरासरी वजा करायची नाही. कच्च्या बेरजाच वापरायच्या, आणि एकच गोष्ट ठरवल्यामुळे भाजक n − १:

```
b = Σxy/Σx² = ७९७.६०/१००१ = ०.७९६८
SSE = Σy² − (Σxy)²/Σx² = ६६०.१७२७ − ६३५.५३०२ = २४.६४२५
s = √(२४.६४२५/१०) = १.५६९८
SE(b) = १.५६९८/√१००१ = ०.०४९६
t = १६.०६
R² = ६३५.५३०२/६६०.१७२७ = ०.९६२७
```

R² ०.६७ वरून ०.९६ वर गेला, t चार पट झाला, आणि तरीही SSE १३.७६ वरून २४.६४ वर, म्हणजे रेषा आधीपेक्षा वाईट बसली आहे! इथे R² ची तुलना 'सगळ्या y ची सरासरी' या अंदाजाशी नसून 'सगळे y शून्य' या अंदाजाशी होते, आणि y सात-आठच्या आसपास असताना शून्याला हरवणं काही अवघड नाही. दोन मॉडेलांची तुलना करा म्हटलं असेल तर हे दोन R² शेजारी ठेवू नका. s ची तुलना करा: १.२४ विरुद्ध १.५७.

११. x रुपयांऐवजी हजार रुपयांत घेतला तर तिन्ही उत्तरं बदलतील का?

नाही. Sxx दशलक्षाने लहान होईल, उतार आणि SE(b) दोन्ही हजार पट होतील, t तोच. R² आणि s लाही धक्का लागत नाही. y चं एकक बदललं तर मात्र s त्या प्रमाणात बदलतो.

१२. R² चांगला, t मोठा. मग 'रेषीय मॉडेल योग्य आहे' असं लिहू का?

लिहू नका. आपल्या आकड्यांचा इतिहासच याच्या आड येतो. अ‍ॅन्सकोम्ब यांनी अकरा-अकरा जोड्यांचे चार संच असे रचले होते की चौघांचे n, Sxx, उतार, R², s आणि t जवळजवळ एकच येतात. पहिल्यात बिंदू रेषेभोवती साधेपणाने विखुरलेले आहेत. दुसऱ्यात ते स्वच्छ वक्रावर आहेत. तिसऱ्यात दहा बिंदू जवळपास अचूक एका वेगळ्या, कमी चढाच्या रेषेवर आहेत आणि x = १३ ला एकच y = १२.७४ वर उडालेला आहे.

चौथा सगळ्यात बोलका. त्यात x दहा वेळा ८ आणि एकदा १९ आहे. सरासरी ९, म्हणून Sxx = १० × १ + १०० = ११०, तंतोतंत आपलाच. तो १९ वाला बिंदू काढला की Sxx शून्य होतो आणि उतार काढताच येत नाही. म्हणजे ४.२४ चा सगळा t एका बिंदूच्या आधारावर उभा आहे. बेरजांकडे कितीही टक लावून पाहिलंत तरी यातलं काही दिसणार नाही.

परीक्षेत डेटा नसतो, त्यामुळे निष्कर्षाचं वाक्य असं लिहावं: 'नातं सरळ रेषेचं आहे, विखुरणी सगळीकडे सारखी आहे आणि एरर स्वतंत्र व नॉर्मल आहेत असे गृहीत धरल्यास, ५ टक्के पातळीवर उतार शून्य नाही.' डेटा दिला असेल तर आधी आलेख काढा.

१३. x एकापेक्षा जास्त असतील तर हीच सूत्रं चालतात का?

R² ची 'टिपलेला भाग भागिले Syy' ही व्याख्या चालते, पण टिपलेला भाग Sxy²/Sxx ने निघत नाही. s साठी भाजक n − k − १ होतो, k म्हणजे x ची संख्या. एखाद्या x चा t मात्र फक्त एकूण बेरजांवरून निघत नाही, आणि एकूण F चं वर्गमूळ घेऊनही नाही. प्रश्न ७ मधलं t² = F इथे तसंच लावता येत नाही.

पण तो x वगळून काढलेला SSE दिला असेल तर वाट आहे. समजा n = २५, k = ३, पूर्ण मॉडेलचा SSE ८४ आणि x₃ वगळल्यावर १००:

```
s² = ८४/(२५ − ३ − १) = ४
F = (१०० − ८४)/४ = ४, म्हणून |t| = २
```

२१ डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी ५ टक्क्यांची सीमा २.०८०, त्यामुळे x₃ थोडक्यात हुकतो. t चं चिन्ह x₃ च्या गुणांकावरून घ्यायचं. तो दिलेला नसेल तर |t| लिहून थांबा.